चिकूच्या पाकिटाचा खरा हिशेब
घरगुती व्यवसायाचा आराखडा एका पानावर कसा मांडावा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी नाका हा डहाणू तालुक्यातील वर्दळीचा चौक. एका बाजूला डहाणू, दुसऱ्या बाजूला कासा व जव्हारकडे जाणारा रस्ता, आणि महामार्गालगत विवळवेढे येथील महालक्ष्मीचे देवस्थान. गुजरातकडे जाणारे प्रवासी, ट्रकचालक आणि भाविक यांची येथे बारमाही ये-जा असते. बारावी झालेल्या किंवा महाविद्यालय अर्ध्यावर सोडलेल्या परिसरातील तरुणांच्या मनात त्यामुळे घरी काही तयार करून नाक्यावर विकण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी या किनारपट्टीच्या चिकूवाड्या याच तालुक्यात आहेत. वाळवलेल्या चिकूच्या चकत्या हा म्हणूनच अनेकांना सर्वप्रथम सुचणारा धंदा असतो.

कल्पना चुकीची नाही. बहुधा चुकतो तो हिशेब. बँकेत किंवा प्रशिक्षण वर्गात ‘व्यवसायाचा आराखडा’ मागितला, की कुणाकडून तरी पंचवीस पानी प्रकल्प अहवाल तयार करून घेतला जातो. त्यातील आकडे ज्याने धंदा करायचा त्यालाच ठाऊक नसतात. घरातल्या घरात, दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या उद्योगाला एक पान पुरते. मात्र त्यावरील प्रत्येक आकडा स्वतः मोजलेला असावा लागतो. असे पान कसे भरावे, हे चिकूच्या चकत्यांचेच उदाहरण घेऊन पाहता येईल. उदाहरणातील भाव नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने तेथे आपल्या बाजारातील भाव घालून गणित पुन्हा करावे.

आधी वस्तू, मग गिऱ्हाईक

पानावरचा पहिला प्रश्न ‘काय विकणार?’ हा आहे. ‘चिकूचे पदार्थ’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ‘वाळवलेल्या चिकूच्या चकत्या, शंभर ग्रॅमचे पाकीट’ हे उत्तर झाले. चकत्या, लोणचे आणि पावडर असे तिन्ही एकदम सुरू करणाऱ्याला तीन प्रकारची पाकिटे, तीन लेबले आणि तीन निराळे हिशेब सांभाळावे लागतात. निदान पहिल्या हंगामात एकच वस्तू व एकच वजन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाचा. ‘सगळेच’ हे उत्तर येथेही बाद समजावे. महामार्गावर चहासाठी थांबणारा प्रवासी, देवीच्या दर्शनाला आलेले कुटुंब आणि मुंबईतील ओळखीचे घर ही तीन निरनिराळी गिऱ्हाइके आहेत. प्रवाशाला पाकीट चहाच्या टपरीवर किंवा दुकानात दिसले पाहिजे. त्यामुळे तेथे दुकानदाराचा हिस्सा द्यावा लागतो. भाविकांची गर्दी चैत्रात उसळते. चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेसाठी माल आधीच तयार हवा, कारण चकत्या वाळायला तीन दिवस लागतात आणि गर्दी तेवढी वाट पाहत नाही. मुंबईच्या घराला थेट माल देता येतो, पण तेथवर पोहोचवण्याचा खर्च येतो.

या टप्प्यावर करावयाचा अभ्यास सोपा आहे. पाच किलो पिकलेला चिकू आणावा, त्याच्या चकत्या कराव्यात, त्यातून दहाएक पाकिटे होतात. ती नात्यातल्या माणसांना न देता अनोळखी लोकांना विकावीत. ‘आवडले का?’ असे विचारल्यास बहुतेक जण ‘छान आहे’ म्हणतात आणि त्या उत्तरातून काहीच कळत नाही. ‘ऐंशी रुपये, घेता का?’ असे विचारावे. किती जणांना विचारले, किती जणांनी पैसे काढले आणि न घेणाऱ्यांनी कोणते कारण दिले, हे वहीत लिहावे. पुढील सर्व गणित या वहीवर उभे राहते.

किती होईल, हे आधी मोजा

तिसरा प्रश्न उत्पादनाचा आहे आणि तो फळाच्या स्वभावाशी जोडलेला आहे. झाडावरून काढलेला चिकू कडक असतो, तो घरी पिकायला काही दिवस लागतात आणि सगळी फळे एकाच दिवशी पिकत नाहीत. कच्च्या फळात चीक राहतो, त्याची चकती तुरट लागते. फार पिकलेल्याचा चिरताना लगदा होतो. पिकलेले पण दाबल्यावर घट्ट लागणारे फळच चालते. आठवड्याला वीस किलो फळ एकदम आणून ते दहा-दहा किलोच्या दोन घाण्यांत वाळवणे म्हणूनच सोयीचे पडते.

दहा किलो फळाची साल, बिया आणि नासका भाग काढला की सुमारे आठ किलो चकत्या उरतात. चिकूच्या गरात साधारण तीन भाग पाणी व एक भाग घन पदार्थ असतो. त्यामुळे आठ किलो चकत्या पूर्ण वाळल्यावर, तुकडा-चुरा वगळून, दोन किलोच्या आसपास माल हाती येतो. म्हणजे वीस किलो फळाची चार किलो चकती, शंभर ग्रॅमची चाळीस पाकिटे. ‘वीस किलो आणले, वीस किलो विकले’ असे मनात धरून बसणाऱ्याचा धंदा येथेच कोलमडतो.

आठ किलो ओल्या चकत्या एका थरात पसरायला अडीच चौरस मीटरच्या आसपास जाळीची जागा लागते. उघड्यावर वाळवल्यास महामार्गाची धूळ आणि माश्या यांपासून बचाव होत नाही. म्हणून झाकलेला लहान सोलर ड्रायर धरला आहे. उन्हाच्या दिवसांत एका घाण्याला तीन दिवस लागतात. आठवड्याला दोन घाणे, म्हणजे चाळीस पाकिटे, ही या घराची कमाल क्षमता झाली. मागणी कितीही असली तरी महिन्याला एकशे साठाहून अधिक पाकिटे होणार नाहीत, हा आकडा पानावर ठळक लिहून ठेवावा.

पंधरा रुपये की चव्वेचाळीस?

आता चौथा आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न : एक पाकीट कितीला पडते? चिकू तीस रुपये किलो धरल्यास वीस किलोचे सहाशे रुपये झाले. त्याला चाळीस पाकिटांनी भागले की पंधरा रुपये येतात. पुष्कळ नवखे उत्पादक येथेच थांबतात आणि ‘पंधराचे पाकीट साठला विकू’ असे म्हणून कामाला लागतात.

पुढे मोजू. फळ आणण्याचे भाडे शंभर रुपये. पाकीट व लेबल मिळून प्रत्येकी पाच रुपये, म्हणजे चाळीस पाकिटांचे दोनशे. पाणी, साबण, स्वच्छ कापड व किरकोळ विजेचे साठ. एकूण नऊशे साठ रुपये; पाकिटाला चोवीस.

यात अजून कष्ट धरलेले नाहीत. धुणे, सोलणे, चिरणे, चकत्या उलटणे, वजन करून पाकिटे भरणे आणि ती दुकानांत पोहोचवणे, या सर्वांना आठवड्याला सोळा तास लागतात असे धरू, म्हणजे आठ तासांचे दोन दिवस. घरच्या माणसाच्या या दोन दिवसांची किंमत काय? त्यासाठी एक सरळ मापदंड आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने दोन दिवसांचे ६२४ रुपये झाले. ही मजुरी खर्चात न धरणारा माणूस प्रत्यक्षात स्वतःला फुकट राबवत असतो आणि त्यालाच नफा समजतो.

अखेरीस, चाळीसपैकी सगळी पाकिटे विकली जात नाहीत. काही ओलसर निघतात, काही चवीला द्यावी लागतात, काही दुकानातून परत येतात. चार पाकिटे अशी गेली असे धरले, तर छत्तीस पाकिटांवर सर्व खर्च बसतो. नऊशे साठ अधिक सहाशे चोवीस, म्हणजे १,५८४ रुपये. भागिले छत्तीस, बरोबर चव्वेचाळीस. पंधरा रुपयांचे वाटणारे पाकीट चव्वेचाळीस रुपयांना पडते, ही गोष्ट कागदावर मांडल्याखेरीज कुणाच्याही ध्यानात येत नाही.

वीस रुपयांनी पडणारा फरक

पाचवा प्रश्न किमतीचा. त्यासाठी आधी महिन्याचा ठोक खर्च मांडावा लागतो. म्हणजे माल थोडा होवो की फार, जो खर्च टळत नाही तो. ड्रायर, वजनकाटा, सीलिंग मशीन आणि सुऱ्या मिळून अठरा हजार रुपये लागले व ते तीन वर्षे टिकले, तर वर्षाला सहा हजार रुपये घसारा झाला. पावसाळ्यात वाळवण बंद राहणार, म्हणून तो आठ महिन्यांत वाटायचा, महिन्याला साडेसातशे. फोन व फिरण्याचे चारशे, नोंदणी वगैरेंचे पन्नास. एकूण बाराशे रुपये.

आता समजा, पाकिटावर साठ रुपये किंमत छापली आणि सगळा माल दुकानांत ठेवला. दुकानदाराचा हिस्सा पंचवीस टक्के धरला, तर हाती पंचेचाळीस रुपये येतात. खर्च चव्वेचाळीस. पाकिटामागे एक रुपया सुटतो, आणि महिन्याचे बाराशे रुपये भरून काढायला बाराशे पाकिटे विकावी लागतील. घराची क्षमता एकशे साठ! मजुरी व घट विसरणाऱ्याला मात्र ‘पंधराचे पंचेचाळीस’ झालेले दिसतात आणि हंगाम सरला तरी पैसा कुठे गेला, हे उमगत नाही.

किंमत ऐंशी ठेवली तर चित्र बदलते. आठवड्याच्या छत्तीस पाकिटांपैकी चोवीस दुकानांत गेली, तर प्रत्येकी साठप्रमाणे १,४४० रुपये. बारा थेट विकली, तर प्रत्येकी ऐंशीप्रमाणे ९६० रुपये. एकूण २,४०० रुपये. त्यातून १,५८४ वजा जाता ८१६ रुपये, म्हणजे पाकिटामागे जवळपास तेवीस रुपये उरतात. महिन्याला त्रेपन्न पाकिटे विकली की बाराशे रुपयांचा ठोक खर्च निघतो; त्यापुढचे प्रत्येक पाकीट नफ्याचे. सर्वच माल दुकानांतून गेला, तर हाच आकडा पंचाहत्तरवर जातो. थेट विक्रीचे मोल ते हेच.

सर्व सुरळीत चालले तर चार आठवड्यांत बाराशे रुपये वजा जाता २,०६४ रुपये नफा आणि २,४९६ रुपये मजुरी, असे ४,५६० रुपये घरात येतात. चौसष्ट तासांच्या कामाला हा मोबदला मजुरीपेक्षा निश्चितच बरा आहे. तथापि तो महिन्यातील आठ दिवसांच्या कामाचा आणि वर्षातील आठ महिन्यांचाच आहे. हा जोडधंदा आहे, घर चालवणारा धंदा नव्हे, हेही पानच सांगते. लोकांनी ऐंशी रुपये दिलेच नाहीत, असे पहिल्या दहा पाकिटांच्या वहीत दिसले, तर यंत्र घेण्याआधीच थांबता येते.

नफा कागदावर, पैसा दुकानात

सहावा प्रश्न रोकडीचा. कागदावर नफा दिसत असतानाच धंदा बंद पडण्याचे प्रकार पुष्कळदा घडतात. कारण खर्च आज होतो आणि पैसा महिन्याने येतो. नवख्याचा माल दुकानदार बहुधा ‘विकला की पैसे’ या बोलीवरच ठेवतो. शिवाय छापील पाकिटे चाळीस-पन्नासच्या संख्येने मिळत नाहीत. पाचशेची मागणी नोंदवली तर अडीच हजार रुपये पहिल्याच दिवशी अडकतात.

पहिल्या महिन्याचा तक्ता असा होईल : चिकू २,४००, भाडे ४००, पाकिटे २,५००, किरकोळ २४०, फोन-प्रवास व नोंदणी ४५०, एकूण गेले ५,९९० रुपये. घसारा येथे येत नाही, कारण तो रोख द्यावा लागत नाही. थेट विक्री अंदाजाच्या निम्मीच झाली, म्हणजे चोवीस पाकिटे, तर आले १,९२० रुपये. चार हजार सत्तर रुपयांचा खड्डा पडला आणि दुकानदाराकडून अद्याप एक पैसाही आलेला नाही. दुसऱ्या महिन्यात पाकिटे घ्यावी लागत नाहीत, दुकानांचे पहिले पैसे येतात आणि हा खड्डा हळूहळू भरू लागतो. यंत्रांच्या अठरा हजारांखेरीज पाच हजार रुपये खेळते भांडवल हवे, ते याचसाठी. एकूण गरज तेवीस हजारांची.

ही रक्कम कर्जाने उभी करायची असल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू शकते. मात्र तेवीस हजारांचे कर्ज बारा टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,०८० रुपये येतो आणि बँक पावसाळ्याची सुटी देत नाही. जून ते सप्टेंबर या चार हप्त्यांचे साधारण चार हजार तीनशे रुपये मे महिन्यापर्यंत बाजूला पडले पाहिजेत. म्हणून हा तक्ता बारा रकान्यांचा करावा आणि पावसाळ्याचे चार रकाने आधी भरावेत.

पाकिटावर काय छापावे

खाद्यपदार्थ विकणाऱ्या घरगुती उत्पादकासही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. त्याशिवाय उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापराची मुदत, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. नोंदणी होईपर्यंत पाचशे पाकिटे छापू नयेत, नाहीतर ती वाया जातात. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकित नावाचा आणि बोधचिन्हाचा वापर करण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. फळ घोलवडच्या वाडीतून आणले एवढ्यावर ते नाव पाकिटावर मिरवता येत नाही.

काय बिघडते, कसे ओळखावे

सातव्या प्रश्नात धोके लिहायचे, तेही मोजकेच. या धंद्यातील पहिला धोका ओलाव्याचा. चकती वरून कोरडी दिसते, आत दमट राहते आणि पाकिटात बुरशी धरते. ओळखण्याची रीत साधी आहे. थंड झालेल्या मूठभर चकत्या काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी काचेला आतून दव दिसले किंवा चकत्या एकमेकींना चिकटल्या, तर घाणा पुन्हा उन्हात घालावा. पाव सेंटिमीटर जाड आणि एक सेंटिमीटर जाड चकत्या एकाच जाळीवर पसरल्या, तर पातळ करपतात व जाड ओल्या राहतात. चिरताना सर्व चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास एकसारख्या ठेवणे हाच त्यावर उपाय.

दुसरा धोका भावाचा. चिकू तीसवरून चाळीस रुपये झाला, तर पाकीट साडेपाच रुपयांनी महागते. ऐंशीच्या किमतीत ते सोसता येते, साठच्या किमतीत नाही. तिसरा धोका उधारीचा. एखाद्या दुकानाने दोन महिने पैसे दिले नाहीत, तर तिसऱ्या महिन्याचा माल तेथे ठेवू नये, असा नियम आधीच लिहून ठेवलेला बरा. ओळखीच्या माणसासमोर ऐनवेळी नाही म्हणणे अवघड जाते.

वाळवणीचे तंत्र हाताखाली शिकायचे असल्यास डहाणू तालुक्यातच कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येते. उद्योजकतेच्या प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही १९८८ पासून काम करणारी संस्था आहे. प्रशिक्षणाला जाताना पुढील पान आपल्या आकड्यांनी भरून नेले, तर तेथील चर्चा नेमकी होते.

एका पानाचा नमुना

१. वस्तू : काय विकणार? एकच वस्तू, एकच वजन.

२. गिऱ्हाईक : कोण, कुठे, वर्षातून कधी? अनोळखी किती जणांना विचारले, किती जणांनी पैसे दिले?

३. क्षमता : किती कच्च्या मालातून किती तयार माल निघतो? आठवड्याला जास्तीत जास्त किती? कोणते महिने बंद?

४. एका नगाचा खर्च : कच्चा माल + भाडे + पाकीट + किरकोळ + स्वतःची मजुरी, भागिले प्रत्यक्ष विकले जाणारे नग.

५. किंमत : छापील किंमत, दुकानदाराचा हिस्सा, हाती येणारी रक्कम. महिन्याचा ठोक खर्च भागिले नगामागे सुटणारे रुपये, म्हणजे किमान विक्री. ही संख्या तिसऱ्या प्रश्नातील क्षमतेपेक्षा जास्त येत असेल, तर किंमत, खर्च किंवा वस्तू बदलावी.

६. रोकड : बारा महिन्यांचे बारा रकाने. प्रत्येकात आले, गेले, शिल्लक. शिल्लक सर्वात खाली जाते तो आकडा म्हणजे लागणारे खेळते भांडवल. कर्जाचा हप्ता येथे लिहावा.

७. धोके : तीनच, प्रत्येकापुढे ओळखण्याची खूण.

८. थांबण्याची खूण : किती महिने किमान विक्री गाठली नाही, तर थांबायचे? हा आकडा पहिला रुपया खर्च करण्याआधी लिहावा आणि खाली तारीख घालावी.